घर सोडण्याच्या दिवसापासून वाचावयाचा कागद

भाड्याने घर घेणारा मनुष्य करारनामा वाचतो तो बहुधा पहिल्या पानापासून, आणि पहिल्या पानावर उभयपक्षांची नावे, वये, पत्ते, घराचे क्षेत्रफळ व चतुःसीमा असा सर्वस्वी निरुपद्रवी मजकूर असल्यामुळे चौथ्या-पाचव्या पानावर पोहोचेपर्यंत त्याचे लक्ष शिथिल झालेले असते. परंतु ज्या शर्तींवर पुढे वाद उत्पन्न होतात त्या नेमक्या त्याच पानांवर असतात, कारण त्या सर्व घरात येण्याविषयी नसून घरातून जाण्याविषयीच्या असतात. यास्तव वाचकाला माझी सूचना अशी आहे की, हा दस्तऐवज घर सोडण्याच्या दिवसापासून मागे वाचीत यावा. ज्या दिवशी किल्ली मालकाच्या हाती द्यावयाची त्या दिवशी अनामत रकमेतून काय काय वजा होऊ शकेल, हा एकच प्रश्न धरून बसले म्हणजे बद्ध मुदत, अनामत आणि दुरुस्ती ही वरवर भिन्न दिसणारी तीन कलमे वस्तुतः एकाच हिशेबाच्या तीन रकमा आहेत, हे आपोआप ध्यानात येते.

महाराष्ट्रातील शहरांत आज राहत्या घराचा जो कागद होतो तो बहुतांशी भाडेपट्टा नसतो. तो ‘लिव्ह अँड लायसेन्स’ म्हणजे वापराच्या परवानगीचा करार असतो. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. भाडेकरूला घरात एक हितसंबंध प्राप्त होतो. परवानेदाराला 1882 च्या सुखाधिकार अधिनियमातील 52 व्या कलमान्वये केवळ वापरण्याची मुभा मिळते. भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचे जे कवच आहे ते परवानेदाराला नाही. उलट 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या 24 व्या कलमाने मुदत संपताच ताबा परत देणे त्याच्यावर बंधनकारक केले असून, तो न दिल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडून त्याला घराबाहेर काढता येते व मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई वसूल करता येते. तात्पर्य, भाडेकरूच्या बाबतीत कागद गप्प असला तर कायदा बोलतो. परवानेदाराच्या बाबतीत कागद गप्प असला तर बहुतेक प्रसंगी कोणीच बोलत नाही. म्हणून त्याला जे काही संरक्षण हवे असेल ते शब्दांनी लिहून घेतले पाहिजे. व्यवहारात सर्वजण ‘भाडे’ आणि ‘भाडेकरू’ हेच शब्द वापरतात. मीही पुढे भाडे असेच म्हणेन, पण माणसाला परवानेदार म्हणेन, म्हणजे हा भेद विसरला जाणार नाही.

त्याच अधिनियमाच्या 55 व्या कलमाप्रमाणे हा करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास अटींविषयी घर घेणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते, आणि मालक शिक्षेस पात्र ठरतो. नोंदणी झाली की मात्र पारडे फिरते: 24 व्या कलमाखालील कामात परवान्याचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. अंगठा यंत्रावर टेकवण्यापूर्वी वाचावयाचे ते याच कारणासाठी.

2024 च्या मे महिन्यात माझ्या परिचयातील एक तरुण दांपत्य असा एक मसुदा घेऊन माझ्याकडे आले होते. पुण्यात कोथरूडला दोन खोल्या व स्वयंपाकघर असलेले घर. भाडे दरमहा 24,000 रुपये. अनामत 1,00,000 रुपये. मुदत 1 जून 2024 पासून 30 एप्रिल 2025 पर्यंत अकरा महिने. पती एका बँकेत नोकरीस असल्यामुळे बदलीची टांगती तलवार होतीच. मसुदा मध्यस्थाने आपल्या नेहमीच्या नमुन्यावरून तयार केलेला होता. मालक सेवानिवृत्त गृहस्थ होते आणि त्यांनीही तो वाचलेला नव्हता. त्यातील चार वाक्ये मी तांबड्या शाईने अधोरेखित केली. पहिले: पहिले सहा महिने उभयतांची बद्ध मुदत राहील व परवानेदाराने त्यापूर्वी घर सोडल्यास उर्वरित महिन्यांचे भाडे द्यावे लागेल. दुसरे: बद्ध मुदत संपल्यानंतर एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपविता येईल. तिसरे: घराच्या आतील सर्व दुरुस्त्या परवानेदाराने स्वखर्चाने कराव्यात. चौथे: सर्व येणी आणि रंगकामापोटी एक महिन्याचे भाडे वजा करून अनामत पंचेचाळीस दिवसांत परत केली जाईल.

ही वाक्ये एकेकटी वाचली तर त्यांत आक्षेपार्ह असे फारसे दिसत नाही. आता त्यांचा एकत्र हिशेब मांडून पाहू. बदलीचा हुकूम ऑगस्टमध्ये आला, नोटीस 31 ऑगस्टला दिली आणि घर 30 सप्टेंबरला सोडले, असे समजा. बद्ध मुदतीचे ऑक्टोबर व नोव्हेंबर हे दोन महिने उरतात, त्यांचे 48,000. नोटीस बद्ध मुदत ‘संपल्यानंतर’ द्यावयाची असल्यामुळे ऑगस्टमधील नोटीस ही नोटीसच नव्हे, असे म्हणण्यास मालकाला जागा आहे. तेव्हा नोटिशीच्या महिन्याचे आणखी 24,000. रंगाचे 24,000. आणि पावसाळ्यात जुना गिझर निकामी झाला असेल तर ‘सर्व दुरुस्त्या’ या शब्दांच्या बळावर नव्या गिझरचे, समजा, 7,000. बेरीज 1,03,000 होते. म्हणजे एक लाखाची अनामत सोडून शिवाय तीन हजार रुपये पदरचे द्यावयाचे, आणि हे सर्व चार महिने नियमितपणे भाडे भरून, भिंतीला एक खिळाही न ठोकता.

यातील बद्ध मुदतीची, म्हणजे लोक ज्याला ‘लॉक-इन’ म्हणतात त्या शर्तीची, प्रथम नीट तपासणी केली पाहिजे. ही शर्त मुळात अन्याय्य नाही. मालकाने घर रंगवून, मध्यस्थाला दलाली देऊन, नोंदणीचा व्याप करून एखाद्या कुटुंबास ठेवावे आणि त्या कुटुंबाने दुसऱ्याच महिन्यात निघून जावे, हे त्याच्याही हिताचे नाही. पाहावयाचे ते हे की, शर्त दोन्ही बाजूंना सारख्याच वजनाने बांधते की काय. माझ्यासमोरच्या मसुद्यात ‘उभयतांची’ हा शब्द होता खरा. परंतु परवानेदाराने शर्त मोडल्यास काय द्यावे ते रुपयांत सांगितले होते, आणि मालकाने मोडल्यास काय, याविषयी एक अक्षरही नव्हते. ज्या शर्तीच्या भंगाला एका बाजूला किंमत आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही ती शर्त नावापुरतीच उभयतांची होय.

येथे सुखाधिकार अधिनियमाच्या 59 व्या कलमाची आठवण ठेवावी. परवाना देणाऱ्याने मालमत्ता दुसऱ्यास हस्तांतरित केली तर नवा मालक त्या परवान्याने बांधला जात नाही. सहा महिन्यांची बद्ध मुदत लिहिलेली असूनही मालकाने तिसऱ्या महिन्यात घर विकले तर नवा खरेदीदार आपल्याशी काही करार झालेला नाही असे म्हणू शकतो. त्याच अधिनियमाच्या 64 व्या कलमाने मोबदला देऊन घेतलेल्या परवान्याचा उपभोग पुरा होण्यापूर्वी, आपला दोष नसताना बाहेर पडावे लागलेल्या परवानेदाराला मूळ मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क दिला आहे. पण ती किती, हे कागदात लिहिलेले नसल्यास ते सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावरच येते. म्हणून घर विकले किंवा मालकाला स्वतःसाठी हवे झाले तर किती दिवसांची सूचना द्यावयाची आणि भरपाई काय, हे रकमेसह लिहून घ्यावे.

परवानेदाराने मुदत मोडली असताना ‘उर्वरित सर्व महिन्यांचे भाडे’ ही रक्कम मालकाला हक्काने मिळतेच असे मात्र नाही. 1872 च्या करार अधिनियमाचे 74 वे कलम असे सांगते की, करारभंगासाठी रक्कम आधी ठरविलेली असली तरी न्यायालय देते ती वाजवी भरपाई, आणि ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा होय. घर पंधरा दिवसांत दुसऱ्यास दिले गेले असेल तर दोन महिन्यांचे नुकसान झालेच कोठे, हा युक्तिवाद त्यामुळे बिनतोड आहे. परंतु तो करण्यासाठी न्यायालयात जावे लागते, आणि जावे लागते ते परवानेदाराला, कारण पैसे आधीच मालकाच्या हाती असतात. अनामतीचे खरे स्वरूप ते हेच: दावा कोणी दाखल करावयाचा, हे ती ठरविते. चाळीस-पन्नास हजारांसाठी दिवाणी दावा लावून वर्षानुवर्षे तारखा करणारा पगारदार मनुष्य विरळा. यासाठी कायद्यातले वाजवीपण करारातच उतरवून घेणे शहाणपणाचे. आम्ही जो बदल सुचविला तो असा: बद्ध मुदतीत घर सोडल्यास भरपाई जास्तीत जास्त एक महिन्याचे भाडे, त्या महिन्याच्या आत घर पुन्हा भाड्याने गेल्यास फक्त रिकाम्या दिवसांपुरती, आणि नोटीस बद्ध मुदत चालू असतानाही देता येईल. मालकाने त्याच मुदतीत घर रिकामे करण्यास सांगितले तर तोही तितकीच रक्कम देईल.

अनामतीच्या कलमात रक्कम किती, ही गोष्ट बहुतेक लोक पाहतात; ती कशी दिली, केव्हा परत मिळणार आणि त्यातून काय वजा होणार, या तीन गोष्टी पाहात नाहीत. केंद्र शासनाने 2021 साली केलेल्या आदर्श भाडेविषयक कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा अधिक असू नये असे म्हटले आहे. परंतु तो नमुना आहे, आणि एखाद्या राज्याने त्याप्रमाणे स्वतःचा कायदा केल्यावाचून तो तेथे कोणाला बांधीत नाही. त्याच्या भरवशावर राहू नये. मुद्रांक शुल्काच्या आकारणीत परत करावयाच्या अनामतीवरील दरसाल दहा टक्के व्याजही धरले जात असल्यामुळे कधी कधी अनामत कागदावर कमी दाखवून बाकीची रोख घेण्याची सूचना केली जाते. हे शुल्क एकूण रकमेच्या अवघे पाव टक्का असते. आमच्या उदाहरणात ते सातशे रुपयांच्या आत बसत होते आणि त्यातील अनामतीचा वाटा पंचवीस रुपयांहून अधिक नव्हता. तेवढ्यासाठी जो पन्नास हजारांची रक्कम निर्णायक पुरावा ठरणाऱ्या दस्ताबाहेर ठेवतो, त्याने ती रक्कम मालकाच्या स्मरणशक्तीवर सोपविली असे समजावे. अनामत बँकेमार्फत द्यावी आणि व्यवहाराचा क्रमांक व तारीख करारात नमूद करून घ्यावी.

परतीचे वाक्य ‘पंचेचाळीस दिवसांत’ असे असले की घर गेलेले, मनुष्य दुसऱ्या गावी आणि पैसे पहिल्या गावी, अशी अवस्था होते. वाक्य असे असावे की, घराचा ताबा आणि अनामत यांची देवघेव एकाच वेळी होईल. फार तर शेवटच्या वीजबिलापुरती छोटी रक्कम काही दिवस अडवून ठेवता येईल. आणि विलंब झाल्यास अमुक दराने व्याज. अनामत बुडेल या भीतीने काही लोक शेवटचे दोन-तीन महिने भाडेच भरीत नाहीत, किंवा पैसे मिळेपर्यंत घर सोडीत नाहीत. यातला दुसरा मार्ग विशेष घातक आहे, कारण मुदत उलटताच 24 व्या कलमातील दुप्पट दर सुरू होतो, आणि ताब्याचा अर्ज ऐकणारा प्राधिकारी अनामतीचा वाद सोडवावयास बसलेला नसतो.

वजावटीच्या बाबतीत माझे मत निश्चित आहे. रंगकामापोटी ठराविक रक्कम कापण्याची शर्त स्वीकारू नये. अकरा महिन्यांच्या वास्तव्याने भिंतीचा रंग फिका होतो, फरशीची चमक उतरते, दाराची मूठ सैल होते. ही नित्याच्या वापराची झीज असून तिचा मोबदला भाड्यातच दिलेला असतो. नुकसान म्हणजे फुटलेली काच, तुटलेले बेसिन, जळालेला ओटा. 1882 च्याच मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने भाडेपट्ट्यासाठी ‘वाजवी झीज’ वगळून घर होते तसे परत करावे असा दंडक 108 व्या कलमात घातला आहे. परवानेदाराच्या कागदात हेच शब्द मुद्दाम लिहून घ्यावे लागतात. ते लिहिले तरी घर ‘होते तसे’ म्हणजे कसे, याचा पुरावा हवा. करारनाम्याच्या शेवटी पंखे, दिवे, गिझर, कपाटे यांची यादी असलेले परिशिष्ट असते. तेथे नुसते ‘गिझर 1’ न लिहिता ‘गिझर 1, जुना, चालू’ असे लिहावे, आणि सामान आत आणण्यापूर्वी रिकाम्या घराची छायाचित्रे काढून त्याच दिवशी ती मालकाला पाठवून त्याची पोच घ्यावी. न्हाणीघराच्या कोपऱ्यातील ओल, खिडकीच्या वरची चीर आणि ओट्याखालचे कुजलेले लाकूड ही छायाचित्रे सर्वांत मोलाची असतात.

राहता राहिली दुरुस्ती. ‘आतील सर्व दुरुस्त्या’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण पुण्यामुंबईच्या पावसात घराच्या आत जे बिघडते त्याचे कारण पुष्कळदा बाहेर असते. छतातून पाणी झिरपते ते गच्चीवरून किंवा वरच्या घराच्या न्हाणीघरातून. भिंत भिजते ती बाहेरच्या गिलाव्याला गेलेल्या तड्यामुळे. गच्ची आणि बाहेरील भिंती यांची दुरुस्ती सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संस्थेने करावयाची असते. परंतु परवानेदार हा संस्थेचा सभासद नसल्यामुळे त्याच्या तक्रारीस संस्थेच्या दप्तरी वजन नसते. तेव्हा अशा गळतीची तक्रार संस्थेकडे मालक विनाविलंब करील, हे करारात असावे.

घराच्या आतल्या गोष्टींसाठी आदर्श कायद्याच्या परिशिष्टातील वाटणी उपयोगी पडते. तिच्यात बांधकामाची दुरुस्ती, रंगसफेदी, पाण्याचे नळ बदलणे म्हणजे भिंतीतील वाहिन्या, आणि विजेच्या तारा मालकाकडे आहेत. तोटीचा वॉशर, तुंबलेली मोरी, बटणे, कड्या, खिडकीची काच या वस्तू राहणाऱ्याकडे. मात्र गिझरची दुरुस्तीही तिने राहणाऱ्याकडेच दिली आहे, आणि येथे मी तिच्याशी सहमत नाही. दहा वर्षे जुन्या गिझरची कॉइल माझ्या वापराच्या तिसऱ्या महिन्यात जळाली तर ती आधीच्या सर्वांनी मिळून जाळलेली असते. याहून सोपी आणि भांडण टाळणारी रीत म्हणजे रकमेची मर्यादा ठरविणे: एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतची किरकोळ दुरुस्ती परवानेदाराची, त्यावरची, त्याच्या निष्काळजीपणामुळे उद्भवलेली नसल्यास, मालकाची.

परंतु जबाबदारी मालकाची असे लिहून भागत नाही. मालकाने ती पार पाडली नाही तर पुढे काय, हे लिहिले नसेल तर ते कलम अपुरे आहे. भाडेकरूला भाडे नियंत्रण अधिनियमाच्या 14 व्या कलमाने पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करण्याचा आणि तो खर्च, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाच्या मर्यादेत, भाड्यातून कापण्याचा हक्क दिला आहे. ते कलम भाडेकरूसाठी आहे. परवानेदाराने आपल्या मनाने भाड्यातून पैसे कापले तर ती थकबाकीच धरली जाण्याचा संभव. म्हणून लेखी कळविल्यापासून सात दिवसांत, आणि पाणी किंवा वीज बंद असल्यास अठ्ठेचाळीस तासांत, मालकाने दुरुस्ती न केल्यास परवानेदाराने ती करवून पावतीसह खर्च पुढच्या भाड्यातून वळता करावा, असे स्पष्ट वाक्य हवे. एका बाबतीत तेवढा कायदा परवानेदाराच्या मदतीस येतो: जीवितास वा मालमत्तेस धोका होईल असा जो दोष मालकाला ठाऊक आहे व परवानेदाराला नाही, तो उघड करणे सुखाधिकार अधिनियमाच्या 57 व्या कलमाने मालकावर बंधनकारक आहे. छताच्या सळया उघड्या पडून वर नुसता रंग दिलेला असणे, किंवा न्हाणीघरातील तारांतून पाण्यात वीज उतरत असणे, हे असे दोष होत. घर पाहताना त्यांविषयी सरळ प्रश्न विचारावा आणि उत्तर संदेशाने लेखी मागावे.

वर सांगितलेले बदल एका कागदावर लिहून ते दांपत्य मालकांकडे गेले. मध्यस्थ म्हणाला, “ताई, हा आमचा ठरलेला फॉरमॅट आहे, सगळे असाच करतात.” मालकांनी मात्र चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचला, रंगाची शर्त स्वतःच काढली आणि दुरुस्तीची मर्यादा एक हजारावरून दीड हजारावर नेली, बाकी सर्व मान्य केले. आपण ऑगस्टच्या हुकुमाचा जो हिशेब वर मांडला तोच या सुधारलेल्या कागदावर मांडला तर, घर 16 ऑक्टोबरपासून दुसऱ्यास गेले असे धरून, पंधरा रिकाम्या दिवसांचे सुमारे 11,600 रुपये वजा होतात व 88,000 हून अधिक रक्कम परत येते.

प्रत्यक्षात बदलीचा हुकूम आला तो फेब्रुवारी 2025 मध्ये, बद्ध मुदत संपल्यावर. ऑगस्टमध्ये गिझर जळाला होता, तो मालकांनी चार दिवसांत बदलून दिला होता. नोटिशीचा महिना भरून मार्चअखेर घर रिकामे झाले, आणि त्याच दुपारी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर परिशिष्टाची यादी ठेवून एकेक वस्तू पाहून झाल्यावर, शेवटच्या वीजबिलाचे 1,340 रुपये वजा जाता अनामतीची रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली.